कमी लोडवर हीट एक्स्चेंजरचं तापमान का झुलतं?

प्रश्न: "स्टीमवर पाणी 60 अंशांना गरम करतो. फुल लोडला पीआयडी मस्त चालतो, लोड कमी झाला की तापमान वर-खाली झुलतं. गेन किती ठेवू?"

गेनला हात लावण्याआधी स्टीमचं झालेलं पाणी, म्हणजे कंडेन्सेट, बाहेर सोडणारा ट्रॅप बघा. लोड घटला की व्हॉल्व्ह मिटतो आणि शेलमधला दाब पडतो. हा दाब कंडेन्सेट रिटर्न लाइनच्या दाबाखाली गेला की ट्रॅपमधून पाणी निघत नाही, ट्यूब बुडू लागतात. आता व्हॉल्व्ह थोडा उघडला तरी आधी साचलेलं पाणी ढकलायला वेळ जातो, मग अचानक बराच पृष्ठभाग उघडा पडून तापमान उसळतं. अशा प्रोसेसला एकच ट्यूनिंग पुरणार कसं?

ढोबळ हिशोब: फ्लो कायम, फुल लोडला पाणी 20 वरून 60 अंश, शेलमध्ये 3 बार गेज, म्हणजे 144 अंश. स्टीम आणि पाण्याच्या सरासरी तापमानातला फरक 104. निम्म्या लोडला आत येणारं पाणीच 40 अंशांचं असतं, फरक 52 पुरतो, म्हणून स्टीम फक्त 102 अंश, दाब जेमतेम 0.1 बार. रिटर्नला 0.5 बार बॅकप्रेशर असेल तर साधारण 60 टक्के लोडखालीच पाणी तुंबणार.

खात्री करायची तर झुलताना शेलचा गेज बघा: दाब रिटर्नच्या आसपास अडकलेला आणि ट्रॅपआधीचा पाइप स्टीमपेक्षा बराच थंड. अधूनमधून ठोके ऐकू आले तर शंकाच नको. उपाय पंप-ट्रॅप, तो शेलचा दाब कमी असला तरी पाणी बाहेर ढकलतो. गेन कमी करून झुलणं मंदावेल, पण पाणी तिथंच राहील.