फोनवेड्या मुलांना सुट्टीत रमवायचं तर नकाशा त्यांच्या हातात द्या

प्रश्न: मुलगी १६ची, मुलगा १३चा, दोघं दिवसभर फोनमध्ये. आठवडाभर डिजिटल डिटॉक्स ट्रिप करायची आहे, कुठे जावं आणि तिथे काय करावं म्हणजे ते कंटाळणार नाहीत?

उत्तर: नेटवर्क नसलेली जागा शोधली की काम झालं असं बऱ्याच जणांना वाटतं, पण तसं होत नाही, मुलं गॅलरीतले जुने व्हिडिओ बघत बसतात नाहीतर रेंज शोधत गच्चीवर फिरतात. शांत निवांत रिसॉर्ट तर अजिबात नको, निवांतपणा आपल्याला हवा असतो, त्यांना नाही. जागा अशी बघा की जिथून पायी निघता येईल, पायवाटा नीट आखलेल्या आहेत, जवळपास डोंगर, ओढा, जंगल काहीतरी आहे आणि मुक्कामाच्या ठिकाणी लँडलाइन किंवा इमर्जन्सीची काहीतरी सोय आहे. आणि अॅक्टिव्हिटी अशी की जिच्यात मुलांच्या निर्णयावर सगळ्यांचा दिवस अवलंबून आहे.

आमच्याकडे सगळ्यात चाललं ते कागदी नकाशा. म्हणजे नुसता बघायला नाही, वाट मुलांनीच काढायची, आईबाबा मागून चालणार आणि तोंड बंद ठेवणार (हे सगळ्यात अवघड आहे, आधीच सांगते). आदल्या रात्री टेबलावर १:५०,००० चा नकाशा पसरायचा, त्यात २ सेंमी म्हणजे १ किमी. वाटेवर दोरा वाकवत ठेवायचा आणि मग तो सरळ करून पट्टीवर मोजायचा. समजा १२ सेंमी आला, म्हणजे ६ किमी. मग वाटेत चढणाऱ्या कंटूर रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा मोजायच्या, दोन रेषांमधला उंचीचा फरक २० मीटर असेल आणि १५ रेषा ओलांडाव्या लागत असतील तर ३०० मीटर चढ.

आता वेळ. विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये सांगितलेला हिशोब अजून वापरतात, साधारण ताशी ५ किमी आणि प्रत्येक ६०० मीटर चढाला वरून एक तास. म्हणजे आपल्या वाटेला १ तास १२ मिनिटं अधिक अर्धा तास. पण हे न थांबता चालणाऱ्या फिट माणसाचं आहे, त्यात थांबणं, खाणं, लहान भावाची कुरकुर काही धरलेलं नाही, म्हणून अडीच तास धरा. आमच्या मुलीने मात्र ऐकलं नाही, कागदावर दोन तास लिहिले आणि दुसऱ्या दिवशी दर वीस मिनिटांनी घड्याळ बघत सगळ्यांना पळवत होती!

वाट चुकतातच, चुकू द्या. फक्त कशावरून कळतं ते आधी दाखवून ठेवा. नकाशात ओढा डावीकडे आहे आणि आपल्याला पाण्याचा आवाज उजवीकडून येतोय, किंवा चढ असायला हवा आणि आपण उतरतोय, तर थांबायचं, नकाशा होकायंत्राने उत्तरेला लावायचा आणि जिथे शेवटची खात्री होती तिथे परत जायचं. आमच्या मुलाला एका फाट्यावर हे कळलं आणि बहीण ऐकेना, दोघं पंधरा मिनिटं भांडले, मुद्दा घेऊन, नकाशावर बोट ठेवून भांडले. मर्यादा एवढीच की वाट आखलेली हवी, हवामान आदल्या संध्याकाळी विचारून ठेवायचं, परत यायची वेळ मुक्कामाच्या माणसांना सांगायची आणि एक फोन पूर्ण चार्ज करून बंद अवस्थेत मोठ्यांच्या बॅगेत.

रात्रीसाठी तारे. अमावस्येच्या आसपासची तारीख धरा. डोळे अंधाराला सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि पांढऱ्या स्क्रीनकडे एक नजर टाकली की पुन्हा पहिल्यापासून, त्यामुळे फोन ठेवा हे तुम्हाला म्हणावंच लागत नाही, ज्याने काढला त्याच्यावर बाकीचेच ओरडतात. लाल टॉर्च चालतो. ऑगस्टच्या मध्यावर किंवा १३-१४ डिसेंबरला गेलात तर उल्कावर्षाव असतो, फक्त त्या वर्षी चंद्र आडवा येतोय का ते बघून घ्या.

फोनचा नियम सगळ्यांना सारखा हवा, बाबांना ऑफिसचा मेल चालतो आणि मुलांना काहीच नाही असं केलंत तर पहिल्याच दिवशी सगळं फिसकटेल. निघायच्या आधी मित्रांना कळवायला वेळ द्या, त्यांच्या स्नॅपचॅटवरच्या स्ट्रीक, म्हणजे रोज एकमेकांना स्नॅप पाठवायची साखळी, चोवीस तासांत तुटतात आणि आपल्याला ते फालतू वाटलं तरी त्यांना खरंच टेन्शन असतं. फोटोंसाठी साधा कॅमेरा न्या. पहिला दीड दिवस चिडचिड होणार, तेव्हा जास्त समजवत बसू नका.

आणि १६ची मुलगी यायलाच तयार नसेल तर तिच्या एका मैत्रिणीला सोबत घ्या, तिच्या आईवडिलांशी फोनचा नियम आधीच बोलून.