‘चुका झाल्या’, पण केल्या कोणी?

प्रश्न : ‘ऑफिसच्या मेलमध्ये “चुका झाल्या”, “पाठवले गेले” अशी वाक्यं सतत येतात. कोणी काय केलं ते कळतच नाही. कर्मणी प्रयोग टाळा, असं सगळ्यांना सांगावं का? आणि अशी वाक्यं पटकन ओळखायची कशी?’

कर्मणीला उगाच बडवू नका. ‘विक्री विभागाने जुनी दरसूची पाठवली’ हा अस्सल कर्मणी प्रयोग आहे, आणि त्यात कर्ता ‘ने’ लावून राजरोस उभा आहे. उलट ‘चूक झाली’ हा चक्क कर्तरी प्रयोग! त्यात ‘चूक’ हीच कर्ता; जणू ती कुणाच्या हाताशिवाय आपली आपण झाली. त्यामुळे इंग्रजी लेखनाच्या कानमंत्रातलं ‘पॅसिव्ह टाळा’ मराठीत आणून कर्मणीच्या माथी मारणाऱ्यांना मी एकच विचारतो, शाळेत प्रयोग शिकलात की नुसते पाठ केलेत?

‘पाठवले गेले’ ही धाटणी इंग्रजीने बिघडवलेली मराठी आहे, असं म्हणणारा दुसरा एक गट आहे. तिचा वापर इंग्रजीमुळे बोकाळला हे मान्य. पण क्रिया पुढे करून करणाऱ्याला मागे ठेवायची सोय मराठीत फार जुनी आहे, आणि तिचा उत्तम पुरावा म्हणजे आपला रोजचा ‘पाहिजे’.

संस्कृतात ‘क्रियते’, ‘दृश्यते’ यांत कर्मणीचा ‘य’ दिसतो. प्राकृतात त्याचा ‘इज्ज’ झाला आणि जुन्या मराठीत ‘इजे’ : करिजे, बोलिजे. व्याकरणाच्या पुस्तकात पुराणकर्मणीखाली ‘नळे इंद्रासी असे बोलिजेले’ हे ठरलेलं उदाहरण असतं, ते याच घराण्यातलं. (तिथे नळ मात्र नाव देऊन बोलतो, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं.) ‘म्हणिजे’, म्हणजे ‘म्हटलं जातं’, झिजून आपलं ‘म्हणजे’ झालं. आणि ‘पाहिजे’ मुळात ‘पाहिलं जातं’. ज्याची वाट पाहिली जाते, जे शोधलं जातं, ते ‘पाहिजे’ असतं! आज ते बोलताना कुणालाही कर्मणीची शंका येत नाही, आणि माझ्या मते म्हणूनच ऑफिसातला सर्वांत बेमालूम लपवणारा शब्द तोच आहे. ‘आकडे आधी तपासायला पाहिजे होते.’ कोणी? साहेबांनी? हिशेबनिसाने? मेल लिहिणाऱ्याने? ‘गेले’ दिसलं की लोक सावध होतात. ‘पाहिजे होते’ वाचून मात्र सगळे माना डोलावतात आणि कामाला लागतात.

तेव्हा ओळखायचं ते प्रयोगावरून नाही. प्रत्येक क्रियापदापाशी थांबून ‘कोणी?’ विचारा. उत्तर त्या वाक्यात किंवा लगतच्या वाक्यात सापडलं नाही, तर खूण करा. हा मेल घ्या :

‘आम्ही प्रस्ताव वेळेआधी पूर्ण केला. मात्र ग्राहकाला जुनी दरसूची पाठवली गेली. पडताळणी राहून गेली. त्यामुळे गैरसमज निर्माण झाला. यापुढे काळजी घेण्यात येईल.’

पहिल्या वाक्यात ‘आम्ही’ ऐटीत हजर आहे. वाईट बातमी सुरू झाली आणि ‘आम्ही’ गायब! हा बदल सर्वांत बोलका. एखाद्या मेलमध्ये पहिल्यापासून शेवटपर्यंत ‘करण्यात आले’ असेल, तर ती फक्त सरकारी सवय असू शकते. श्रेयाला ‘आम्ही’ आणि चुकीला ‘गेली’ असेल, तर तो हिशेब आहे. ‘राहून गेली’ आणखी चतुर : काम कुणी टाळलं नाही, तेच बिचारं मागे राहिलं. ‘गैरसमज निर्माण झाला’मध्ये तर दोष हळूच ग्राहकाच्या समजुतीवर सरकवला आहे. वास्तविक त्याचा समज बरोबरच होता, दर चुकीचे होते. शेवटच्या वाक्यात काळजी कोण घेणार, ते लिहिणाऱ्यालाही ठाऊक नसावं.

‘आमच्याकडून’ जोडून भागेल का? अर्धवट. ‘आमच्याकडून चूक झाली’ यात माणूस दिसतो, पण कोणतं काम चुकलं ते तरीही झाकलेलंच. असं लिहा : ‘मी ग्राहकाला जुनी दरसूची पाठवली. पाठवण्याआधी तारीख पाहिली नाही. आज दुपारी नवी पाठवतो. यापुढे दरसूची बाहेर जाण्याआधी विक्रीप्रमुख तारीख तपासतील.’ शेवटचं वाक्य विक्रीप्रमुखांना विचारूनच घाला, नाहीतर तीही ढकलाढकलच.

मात्र ‘सर्व्हर रात्री दोन वाजता बंद केला जाईल’ यावर तुटून पडू नका. तिथे वाचणाऱ्याला वेळ हवी असते, बटण कोण दाबणार ते नको. तसंच दुसऱ्याची चूक असेल, तर शंभर जणांना जाणाऱ्या मेलमध्ये त्याचं नाव टाकू नका. विभाग सांगा, दुरुस्ती कोण करणार ते सांगा. नाव झाकायची मुभा तेवढीच. स्वतःचं ‘मी’ झाकायला तीच मुभा वापरणारे मात्र ‘पाहिजे होते’वाल्यांचे सख्खे भाऊ.