ओमचा चौथा भाग म्हणजे चंद्रबिंदू का?

प्रश्न: मांडूक्य उपनिषदात ओमचे चार भाग सांगितलेत म्हणतात. मला अ, उ आणि म एवढेच मोजता येतात. मग चौथा म्हणजे वरचा चंद्रबिंदू का?

नाही. चंद्रबिंदू लिपीतला आहे आणि हे उपनिषद लिहिण्याबद्दल काहीच बोलत नाही, त्याचा सगळा भर उच्चारावर आहे. मात्र तुमची मोजणी बरोबर आहे. ऐकू येणाऱ्या मात्रा तीनच. चौथ्याला बाराव्या, म्हणजे शेवटच्या मंत्रात सरळ ‘अमात्र’ म्हटलंय.

आमच्या घरी चवथीला माटोळीखाली बसून अथर्वशीर्षाची आवर्तनं होतात. त्यात ‘त्वं अवस्थात्रयातीतः’ असं येतं, ते तुम्हीही म्हटलं असेल. त्या तीन अवस्था म्हणजे जागेपण, स्वप्न आणि गाढ झोप. मांडूक्य याच तीन अवस्था ओमच्या तीन मात्रांशी जोडतं. जागेपणी बाहेरचं जग अनुभवणारा तो वैश्वानर, त्याची मात्रा अ. स्वप्नात आतलंच जग पाहणारा तैजस, त्याची उ. गाढ झोपेतला प्राज्ञ, त्याची म.

जोड्या पाठ करणं सोपं आहे. त्या तशाच का लावल्या हे बघण्यात खरी गंमत आहे, आणि त्यातही ‘म’ सगळ्यात सुंदर. उपनिषद कारण देतं ‘मितेः’, म्हणजे मापण्यामुळे. शंकराचार्यांचं भाष्य इथे धान्याच्या मापाचं उदाहरण देतं. आपल्याकडची पायली डोळ्यांसमोर आणा. तांदूळ पायलीत शिरतात आणि पुन्हा बाहेर पडतात. तसं जागेपण आणि स्वप्न रोज गाढ झोपेत शिरतात आणि तिच्यातूनच बाहेर येतात. आता ओम् ओम् असं सलग म्हणून बघा. अ आणि उ यांचा संधी होऊन झालेला ‘ओ’ ओठ मिटताना ‘म’मध्ये जातो आणि ओठ उघडले की तिथूनच पुन्हा निघतो. उच्चार आणि झोप यांचा आकार एकच आहे, असं ऋषीला म्हणायचं आहे.

आता चौथा. इथे बहुतेकांचा पाय घसरतो, माझाही बरीच वर्षं घसरलेला होता. मला वाटायचं, झोपेच्याही पलीकडे एखादी आणखी गूढ अवस्था असेल, ध्यानात कधीतरी लागेल. उपनिषदात चार ‘पाद’ म्हटलेत, त्यामुळे असं वाटतं. पण भाष्यकार आधीच बजावतात की हे पाद गाईच्या पायांसारखे नव्हेत, कार्षापण नाण्याच्या पावांसारखे आहेत. गाईचा चौथा पाय उरलेल्या तीन पायांसारखाच असतो, त्यांच्या शेजारी उभा. नाण्याची गोष्ट वेगळी. पाव, अर्धा, पाऊण करत रुपयाला पोचलात की रुपया हा पाऊण रुपयाशेजारी ठेवलेला आणखी एक तुकडा नसतो. आधीचे सगळे पाव त्यातच असतात. चौथा पाद तसा, तिन्ही अवस्थांमध्ये असणारा.

सातव्या मंत्राचा शब्दही बघा, ‘चतुर्थं मन्यन्ते’. चौथा ‘मानतात’. आधी नकारांची रांग लावलीय. तो आत पाहणारा नाही, बाहेर पाहणारा नाही, दोन्हीकडे पाहणारा नाही, गाढ झोपेतला प्रज्ञानघन, म्हणजे जाणिवेचा एकसंध गोळा, तोही नाही. म्हणजे नुसत्या झोपेलाही चौथं म्हणायचं नाही.

ओम म्हटल्यानंतरची शांतता म्हणजे चौथा, असं शिबिरांत सांगतात. देवळातल्या घंटेचा नाद विरत जातो तसं ते ऐकायला छान वाटतं, नवशिक्याला उपयोगीही पडतं. पण ती शांतता ‘म’नंतर सुरू होते आणि पुढच्या ओमला संपते. ज्याला सुरुवात आणि शेवट आहे ते मोजता येतं, म्हणजे तीही एक मात्राच झाली. अमात्र हा ‘अ’ म्हणतानाही असायलाच हवा.

एक मात्र लक्षात ठेवा, हे सगळं अद्वैताच्या बाजूने झालं. त्या बाजूचा मोठा आधार म्हणजे या उपनिषदावरच्या गौडपादांच्या कारिका, आणि त्यांच्याच नावाचा मठ आमच्या फोंड्याजवळ कवळ्याला आहे. खाली काणकोणात पर्तगाळीचा मठ माध्व परंपरेचा. मध्वाचार्यांच्या मते हे चार पाद म्हणजे विष्णूचीच चार रूपं, आणि जीव कधी ‘चौथा’ होत नाही. दोन्हीकडचे सोयरे आमच्या घरात आहेत. आवर्तनं सगळे एका सुरात म्हणतात, वाद जेवण झाल्यावर सुरू होतो.