दोन गुणांचा पेच

‘निपाणी भागातल्या मराठी माध्यमाच्या हायस्कूलमध्ये मी दहावीला विज्ञान शिकवते. वर्गातला एक मुलगा रात्री आईबरोबर विड्या वळतो, वडील घरी नाहीत. त्याचे अंतर्गत गुण 20 पैकी 9 होतात. मला 16 द्यावेसे वाटतात. दिले तर बाकीच्या मुलांवर अन्याय, नाही दिले तर हा शाळाच सोडील. काय करू?’

ओळख पटू नये म्हणून इथे काही तपशील बदलले आहेत.

अशा पेचात मी आधी गुणपत्रक मागवतो. दया आणि न्याय यांची चर्चा कितीही लांबवता येते, पण 9 हा आकडा कशाचा बनला आहे हे कुणी पाहिलेलंच नसतं. बाईंनी वही उघडली. दोन प्रयोगांच्या दिवशी मुलगा गैरहजर होता, म्हणून तिथे शून्य. त्या दोन कामांचे मिळून 8 गुण होते. उरलेल्या 12 मध्ये त्याने 9 मिळवले होते. म्हणजे त्या शून्यांवरून त्याला काय येत नाही हे कळत नव्हतं, तो त्या दिवशी कुठे होता एवढंच कळत होतं. विड्यांची मजुरी हजाराच्या हिशेबाने मिळते, माल देण्याचा दिवस चुकवून चालत नाही. त्या दोन्ही दिवशी तो पानं कातरत आणि दोरा बांधत बसला होता.

इथे न्याय आणि माया एकाच बाजूला उभ्या राहतात. ज्याला संधीच मिळाली नाही त्याला ती द्यायची. त्यासाठी आकडा फुगवावा लागत नाही. बाईंनी दुपारच्या सुट्टीत त्याच्याकडून ओहमच्या नियमाचा प्रयोग करून घेतला. त्याने आधी अमीटर समांतर जोडला, मग स्वतःच चूक ओळखून एकसरीत घेतला. वाचनं नीट घेतली, आलेख सरळ आला. पण त्या रेषेचा उतार काय सांगतो, हे त्याला सांगता येईना. दुसरा प्रयोगही असाच अर्धामुर्धा झाला. दोन्ही मिळून 8 पैकी 5 पडले, एकूण 14.

बाई तरीही 16 वर अडल्या होत्या. ‘दोनच तर गुण,’ त्या म्हणाल्या. खरा पेच मला या दोन गुणांत दिसला, आधीच्या सातात नाही. उतार समजला, असं ते दोन गुण सांगणार. मग तो भाग त्याला पुन्हा शिकवायची गरज कुणाला वाटेल? लेखी परीक्षेचे 80 गुण दुसराच कुणी तपासतो, त्याला विड्यांची गोष्ट माहीत नसते.

मग मी त्यांना नावांवर कागद ठेवून वही वाचायला सांगितलं. असेच दोन शून्य आणखी एका ओळीत निघाले. कागद सरकवला तर मागच्या बाकावरची एक मुलगी. ती कधी रडली नव्हती, तिची आई कधी शाळेत आली नव्हती. बाई गप्प झाल्या. मायेत हा धोका असतो. ती डोळ्यात भरणाऱ्या अडचणीकडे आपोआप वळते. म्हणून मी शिक्षकांना एकच कसोटी देतो: ही सवलत कारणासकट भर वर्गात सांगता येईल का? ‘प्रयोग बुडला असेल तर कारण सांगा, पुन्हा करायला मिळेल,’ हे सांगता येतं. ‘याची परिस्थिती वाईट म्हणून दोन जास्त,’ हे सांगता येत नाही, आणि सांगितलं तर त्या मुलालाच मान खाली घालावी लागते.

मायेच्या नीतिशास्त्रावर लिहिणाऱ्या नेल नॉडिंग्ज स्वतः आधी गणिताच्या शिक्षिका होत्या. त्यांच्या मते माया करणाऱ्याच्या मनात असून पुरत नाही; जिच्यासाठी ती केली त्या व्यक्तीपर्यंत ती पोचली, तरच ती पुरी होते. म्हणून मी बाईंना मुलाशीच बोलायला सांगितलं. त्याने विचारलं, ‘बाई, हे चौदा माझं हाईत, का तुम्ही दिल्यासा?’ बाईंना सोळाचं उत्तर तिथेच मिळालं.

शाळा सुटण्याची भीती खोटी नव्हती, पण ती गुणांनी टळणारही नव्हती. तिच्यासाठी बाई मुख्याध्यापकांना घेऊन त्याच्या आईकडे गेल्या. माल कोणत्या दिवशी द्यायचा हे विचारून प्रयोगाचे दिवस त्याप्रमाणे लावले. उताराचा भाग पुन्हा शिकवला, तोही दोघांना एकत्र बसवून.

हे सगळं गुण ऑनलाइन भरायच्या आधी झालं, म्हणून जमलं. आकडे आधीच गेले असतील, तर मागाहून ते वाढवण्याच्या खटपटीत पडू नका. तेवढा वेळ लेखी पेपरातल्या आकृत्या आणि उदाहरणांच्या सरावाला द्या.