कपातीनंतर जे राहिले, त्यांच्याशी काय बोलायचं?

प्रश्न: साताऱ्याच्या एमआयडीसीत माझं ४० जणांचं युनिट आहे. गेल्या आठवड्यात ९ जणांना कमी करावं लागलं. जे राहिलेत त्यांचे आभार मानायचेत, पण ते पोकळ वाटतील अशी भीती आहे. काय बोलू?

उत्तर: माझ्याकडून हे एकदा चांगलंच फसलंय. सांगलीत कुपवाडला एका मशीन शॉपमध्ये मी प्लांट बघायचो. ऑर्डरी आटल्या आणि ५८ पैकी ११ जणांना शनिवारी कमी केलं. सोमवारी सगळ्यांना कॅन्टीनमध्ये बोलावलं, चहा-शिरा ठेवला. कॅन्टीनवाल्याला नवा आकडा कळवायचं कुणाला सुचलंच नाही. त्याने नेहमीसारख्या ५८ बशा भरल्या. मी "या कठीण काळात तुम्ही दिलेली साथ" वगैरे बोलत होतो आणि समोरची माणसं टेबलावर उरलेल्या ११ बशांकडे बघत होती. शिऱ्याला कुणी हात लावला नाही.

तेव्हा पहिली गोष्ट, खाऊ आणि सभा दोन्ही नको. दुसरी, गेलेल्यांचा हिशेब पूर्ण होईपर्यंत आभाराचं नावच काढू नका. राहिलेला माणूस गेलेल्याला संध्याकाळी फोन करतोच. आमच्याकडचा एक ऑपरेटर आणि त्याचा मावसभाऊ बुधगावहून एकाच गाडीवर यायचे. मावसभाऊ गेला. त्याला पैसे मिळाले का, हे त्या ऑपरेटरला माझ्या अकाउंटंटच्या आधी कळायचं.

हा मावसभाऊ ड्रिलिंगवर होता. तिथे सगळेच जुने, त्यांच्यात हा सगळ्यात नवा, तरी ८ वर्षं झालेली. बेसिक आणि डीए मिळून १५,६००. ग्रॅच्युइटीसाठी २६ ने भागलं की दिवसाचे ६००, त्याचे १५ दिवस म्हणजे ९,०००, गुणिले ८ वर्षं, झाले ७२,०००. कपातीची भरपाई, म्हणजे वर्षामागे १५ दिवसांचा पगार, ती वेगळी. नोटिशीचा महिना आणि शिल्लक रजा वेगळ्या. ग्रॅच्युइटी द्यायला कायदा ३० दिवस देतो. आम्ही सगळंच आठव्या दिवशी खात्यात टाकलं. दुसऱ्या दिवशी तो ऑपरेटर मला आपणहून "नमस्कार साहेब" म्हणाला. त्याआधी आठवडाभर मान खाली घालून जायचा. बोलायला तोंड झालं ते तेव्हा.

मग मी एकेकाच्या मशीनपाशी गेलो. शिफ्ट सुटायच्या आधी, हातातलं काम संपल्यावर, दोन-तीन मिनिटं. त्या ऑपरेटरला म्हणालो, "भाऊ गेल्यापासून त्याचंही मशीन तुम्हीच बघताय. पंधरा दिवसांत रिजेक्शन वाढलं नाही, रजिस्टर बघितलं मी. हे दोघांचं काम आहे, मला माहितीये. जादा थांबलात त्याचा ओव्हरटाइम डबलने याच पगारात लागेल." तो एवढंच म्हणाला, "कूलंट पंप तेवढा बघायला सांगा." मी पंप त्याच दिवशी बदलून घेतला. माझ्या मते त्याला आभार पोचले असतील तर ते त्या पंपातून. म्हणून जाण्याआधी प्रत्येकाचं या काळातलं एक तरी नेमकं काम माहीत करून घ्या, सुपरवायझरला विचारा. ते सापडत नसेल तर त्या माणसाकडे एवढ्यात जाऊ नका.

"तुम्ही चांगले म्हणून तुम्हाला ठेवलं" हे मात्र चुकूनही बोलू नका. आपल्याकडे कपातीत साधारण त्या त्या कामातला शेवटी आलेला आधी जातो. तुम्हीही तसंच केलं असेल, तर हे वाक्य सरळ खोटं आहे आणि ऐकणाऱ्याच्या भावाला नालायक ठरवणारं आहे. "आपण एक कुटुंब आहोत" हेही तसलंच. गेलेल्यांची नावं घ्या, टाळू नका. आमच्या सुपरवायझरने आठवडाभर "ते लोक" म्हणून चालवलं, ते माणसांना फार लागलं.

प्रत्येकजण एक प्रश्न विचारेल, तोंडाने नाहीतर नजरेने: आता आमचा नंबर का? "आता कुणीही जाणार नाही" असं लिहून देता येत नसेल, तर बोलूही नका. मी सांगितलं, "दिवाळीपर्यंतचं काम हातात आहे. पुढच्याचं १० तारखेला कळेल, त्या दिवशी मी स्वतः येऊन सांगेन." १० तारखेला कळलं काहीच नाही, गिऱ्हाइकाने चालढकल केली. तरी मी तिन्ही शिफ्टला जाऊन तेवढंच सांगितलं, की अजून कळलेलं नाही, आता २० ला येतो. रात्रपाळीला एकाने स्टूल पुढे सरकवलं.