फारसी म्हणून आलेला मुरुडचा कागद

प्रश्न : आमच्या मुरुडच्या घरी माळ्यावरच्या पेटीत एक फारसी कागद आहे. त्यातलं 'सन इसन्ने सबैन मया व अलफ' एवढंच आजोबांनी वहीत उतरवलंय. हे शब्द फारसी कोशात सापडत नाहीत. अर्थ काय? फोटो जोडला आहे.

उत्तर : फोटोतला कागद फारसी नाही. लिपी मोडी आहे आणि भाषा मराठी. पानभर आधी आडवी रेघ ओढून अक्षरं तिला लटकवली आहेत आणि ओळी डाव्या समासापासून सुरू होतात. फारसी ओळ उजवीकडून निघते, शिवाय तिच्यावर नुक्ते दिसतात.

अशा वेळी पहिली शंका येते ती भलताच फोटो जोडला गेल्याची. म्हणून आजोबांचे शब्द फोटोत शोधले. ते सापडले नसते तर इथेच थांबून तुम्हाला विचारलं असतं, कारण एका कागदाचा अर्थ दुसऱ्याला चिकटला असता. पण पहिल्याच ओळीत 'छ ७ रजब' आहे आणि पुढे तेच शब्द. कागद बरोबर आहे, फक्त वर्णन चुकलंय. तेव्हा उत्तर फोटोवरून देतो.

हे शब्द मुळात अरबी संख्या आहेत, मराठी कारकुनांच्या तोंडी वळलेल्या. इसन्ने म्हणजे दोन, सबैन सत्तर, मया शंभर, अलफ हजार. लहान आकडा आधी, म्हणून ११७२. फारसीत सत्तरला हफ्ताद आणि शंभराला सद म्हणतात, मग कोशात हे सापडणार कसे?

हा सुहूर सन, मृगापासून सुरू होणारा. इसवी साल काढायला मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंतची तारीख असेल तर सनात ५९९ मिळवायचे, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. छ म्हणजे चंद्र, मुसलमानी महिन्याची तारीख. त्या वर्षी रजब ऑक्टोबरात लागला होता, म्हणून ५९९ मिळवून तुमचा कागद ऑक्टोबर १७७१ चा ठरतो.

एक जागा निसरडी आहे. सबैन आणि तिसैन, म्हणजे सत्तर आणि नव्वद, घाईच्या मोडीत एकमेकांसारखे दिसू शकतात. तिसैन असेल तर सुहूर सन वीस वर्षांनी पुढे सरकेल. मला 'ब' स्पष्ट दिसतोय, तरी मजकुरात कुठे शके आलं असेल तर ताळा करता येईल. सबैन असेल तर ते १६९३ हवं.

फारसीची समजूत बहुधा शिक्क्यामुळे झाली असावी. काही कागदांवर शिक्का फारसीत आणि खालचा मजकूर मोडीत असतो. तुमच्या फोटोत वरचा कोपरा कापला गेलाय. तेवढा भाग आणि कागदाची मागची बाजू खिडकीच्या उजेडात, फ्लॅश न लावता टिपून पाठवा. शिक्का खरंच फारसी निघाला तर तो फारसी जाणणाऱ्याकडूनच वाचून घेऊ, माझा अंदाज त्यात घालणार नाही.