आधी नोंद, नाव नंतर

प्रिय,

तुझ्या मेसेजमध्ये मी एकदा ‘ताई’ आहे, एकदा ‘मावशी’. जे तोंडात येईल ते म्हण. पण त्याच मेसेजमध्ये ‘दिवाळीपर्यंत मला माझं काय ते नक्की करायचंय’ हे वाक्य वाचलं आणि मी चष्मा काढून ठेवला. दिवाळीपर्यंत का? दोन वर्षं एका मुलाबरोबर होतीस, आता रूममेट शेजारच्या कॉटवर केस विंचरायला लागली की वाचत असलेली ओळ सुटते. मुलगे आवडतात की मुली हे सांगणारी इंटरनेटवरची प्रश्नावली तीनदा भरलीस, तीन वेगळी उत्तरं आली. म्हणून दिवाळी?

मी तुला एकच गोष्ट सांगणार आहे आणि ती पुन्हा पुन्हा सांगणार आहे. आधी नोंद, नाव नंतर. काय वाटतं ते आधी लिहून ठेव, स्वतःला लेस्बियन म्हणायचं की बायसेक्शुअल ते मागाहून.

ती प्रश्नावली तुला फसवते, कारण सात वेगळ्या गोष्टी ती एकाच आकड्यात कोंबते. फ्रिट्झ क्लाइन नावाच्या मानसोपचारतज्ज्ञाने 1978 साली एक तक्ता मांडला, तो वहीत आखून घे. ओळी सात. शारीरिक ओढ कुणाची वाटते, प्रत्यक्ष संबंध कुणाशी आले, मनातली चित्रं कुणाची असतात, जीव कुणात गुंततो, कुणाच्या संगतीत राहायला आवडतं, वावर कुठल्या लोकांत असतो, आणि सगळ्यात शेवटी, स्वतःला काय म्हणवतेस. रकाने तीन: पूर्वी, गेलं वर्षभर, आणि तुझ्या मनासारखं झालं तर. एकवीस चौकोन. प्रत्येकात एक ते सात आकडा, एक म्हणजे फक्त मुलगे, सात म्हणजे फक्त मुली, चार म्हणजे दोन्ही सारखंच.

तुझ्या मेसेजवरून मी भरून पाहिलं. शारीरिक ओढ पूर्वी दोन, यंदा सहा. प्रत्यक्ष संबंध पूर्वी एक, यंदा काहीच नाही, तर तो चौकोन कोराच राहू दे. जीव गुंतणं मात्र पूर्वीही सहा आणि आत्ताही सहा. शाळेपासूनच्या त्या मैत्रिणीबद्दल तू जे चार ओळींत उरकलंयस ना, ते मी दोनदा वाचलं. आता यांची सरासरी काढू नकोस. सरासरी काढलीस की पुन्हा त्या प्रश्नावलीपाशी आलीस. सहा आणि दोन एकाच माणसात सुखाने नांदतात. तक्त्याला मर्यादा आहेत. स्त्री-पुरुष या दोनच टोकांवर तो उभा आहे, आणि ओढच वाटत नसेल तर काय लिहायचं ते त्यात नाही. तिथे आपली ओळ आपण वाढवायची. सहा महिन्यांनी पुन्हा भर, जुने आकडे न पाहता. सातवी ओळ कोरी राहिली तरी बाकीच्या सहा भरता येतात, मला यातलं हेच सगळ्यात आवडतं.

कोरी किती दिवस ठेवायची? लिसा डायमंड या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बाईंनी 79 तरुणींना दहा वर्षं पुन्हा पुन्हा विचारलं. सुरुवातीला कुणी स्वतःला लेस्बियन म्हणायची, कुणी बायसेक्शुअल, कुणी काहीच नाही. दहा वर्षांत जवळपास दोन तृतीयांश जणींनी आपलं नाव निदान एकदा तरी बदललं. काहींनी तर होतं ते नाव काढूनच टाकलं. त्या गोंधळलेल्या होत्या, हा तुझ्यासारख्या घाईवाल्यांचा निष्कर्ष. त्या बायका नोंद ठेवत होत्या, हा माझा.

आता माझं सांगते, नाहीतर म्हणशील म्हातारी उगाच अडून बसलीय.

1998 साली पुण्यात आमचा एक लहानसा घोळका होता. कुणाच्या तरी फ्लॅटवर आठ-दहा बायका महिन्यातून एकदा भेटायचो, पडदे ओढून. मी सव्वीस वर्षांची. पहिल्याच बैठकीत ‘मी लेस्बियन’ असं म्हणून टाकलं आणि वर्षानुवर्षांचं ओझं उतरलं. खोटं सांगत नाही, त्या शब्दाने मला जगवलं. पण 2003 साली ऑफिसातल्या एका माणसात जीव गुंतला. मी घोळक्यात एकीला सांगितलं, तर ती म्हणाली, ‘मग तू आमच्यातली नव्हतीसच.’ मी घाबरले. त्याची नाशिकला बदली झाली, त्या दिवशी शिवाजीनगरच्या स्टँडवर जायचं ठरलं होतं. मी घरी बसून साडीला इस्त्री करत राहिले. एकच साडी, दोनदा. ते प्रेम होतं का? आज सांगता येत नाही, कारण मी नोंद ठेवली नाही, नाव सांभाळलं.

त्यानंतर मी कुठलंच नाव लावलं नाही. 6 सप्टेंबर 2018 ला कलम 377 चा निकाल आला, मैत्रीण पेढे घेऊन आली आणि म्हणाली, ‘आता तरी सांग, तू नक्की कोण?’ मी पेढा खाल्ला. तिला तो भित्रेपणा वाटला. वाटू दे. मोर्च्याला मी जाते, सही करायची तिथे करते, आणि ज्यांना नाव लागतं त्यांच्या नावासाठी भांडतेही. माझ्या घरच्या दारावर पाटी नाही, एवढंच. की हेही मी स्वतःचीच बाजू मांडतेय? असेल.

पण एक फरक ओळखायला शिक. कुतूहल आणि तपासणी वेगळी असतात. रूममेट आवडते आणि तुला हसू येतं, हे कुतूहल. रस्त्यात दिसणाऱ्या प्रत्येक बाईकडे पाहून ‘काही वाटलं का, वाटलं का’ असं दिवसातून वीसदा स्वतःला चाचपणं, दर वेळी दोन मिनिटं सुटका आणि पुन्हा तेच, झोप जाणं, ही तपासणी. हे ओसीडीचंही, म्हणजे तोच विचार आणि तीच खात्री पुन्हा पुन्हा करायला लावणाऱ्या आजाराचंही, रूप असू शकतं. तेव्हा वही बाजूला ठेव, नोंदीसुद्धा थांबव, आणि मानसोपचारतज्ज्ञ गाठ. तो ‘सरळ करून देतो’ म्हणाला तर उठून ये. नॅशनल मेडिकल कमिशनने 2022 मध्येच अशा ‘उपचारां’ना व्यावसायिक गैरवर्तन ठरवलंय. आणि पहिल्याच भेटीत तुला नाव चिकटवणाराही माझ्या मते उपयोगाचा नाही.

डॉक्टरकडे, विशेषतः बायकांच्या डॉक्टरकडे, नाव सांगायची गरज पडत नाही. संबंध कुणाशी आले, कसे आले, एवढं खरं सांगितलं की तपासणी नीट होते.

आणि आता ते स्थळ. तू शेवटच्या ओळीत लपवलंयस, पण मी वाचलं. नावाशिवाय तू दहा वर्षं राहा, माझी हरकत नाही. पण उत्तर सापडेल म्हणून लग्न करायचं नाही. तुझी वही कोरी राहिली तर नुकसान फार तर तुझं. त्या मुलाला तुझ्या वहीत ओढायचा हक्क तुला नाही. नकार द्यायला ‘मी अमुक आहे’ असं घरी सांगावं लागतं, हेही डोक्यातून काढ. ‘मला आत्ता लग्न करायचं नाही’ हे मराठीतलं पूर्ण वाक्य आहे.

रविवारी ते येणार असतील तर शुक्रवारीच आईला फोन कर. कांदेपोहे झाल्यावर नाही म्हणणं फार जड जातं, आणि तेव्हा घरचे कारण विचारतात.

तुझी,
ताई किंवा मावशी